५८ पानांचं प्रपोजल आणि साहेबांचं एक पान: गाडीमागे ४९९ चे १,३४० कसे होतात

प्रश्न: दादा, मी वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अ‍ॅडमिनला लागली आहे. आमच्या ८० गाड्यांना जीपीएस आणि डिझेल सेन्सर लावायचं ५८ पानांचं प्रपोजल आलंय. साहेब म्हणाले, "मला एका पानात सांग हा माणूस काय म्हणतो, पैसे किती, धोका काय." मी दोनदा वाचलं, पण माझीच साडेतीन पानं होऊन राहिलीत. काय ठेवू, काय काढू? परवा द्यायचंय. प्रपोजल आणि माझी साडेतीन पानं जोडली आहेत.

उत्तर:

जोडलेली पानं पाहिली. साडेतीन पानं होतात कारण प्रपोजल ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तू ते आखूड करून राहिलीस. आधी कंपनीची ओळख, मग त्यांचे मोठेमोठे ग्राहक, मग फीचर, मग रिपोर्टचे स्क्रीनशॉट, आणि पैसे कुठे तर पार पान ४१ वर. हा क्रम विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. साहेबांना पानाच्या पहिल्या चार ओळीत कळलं पाहिजे की तू हो म्हणतेस की नाही म्हणतेस की थांबा म्हणतेस, आणि खरे पैसे किती जाणार. बाकी सगळं त्या चार ओळींना आधार म्हणून खाली येतं, आणि आधार देत नसेल तर येतच नाही.

म्हणून वाचायचं मागून. आधी रेटची पानं, ४१ आणि ४२. मग पान ४६, ज्याला त्यांनी 'असम्प्शन्स' म्हटलंय, म्हणजे त्यांनी काय काय गृहीत धरून रेट दिला ते. मग ५० ते ५८ अटी. पहिली ४० पानं अर्ध्या तासात चाळून टाक, त्यातून साहेबांच्या पानावर फार तर एक वाक्य जाईल, की हे लोक गाडी कुठे आहे ते दाखवतात आणि टाकीत डिझेल किती आहे ते दाखवतात. बस. फीचरची यादी साहेबांना द्यायची गरजच नाही, ती सेल्सवाल्याने आधीच ऐकवली असेल.

आता पैसे. पान ३ वर मोठ्या अक्षरात ४९९ रुपये लिहिलंय ते खोटं नाहीये, पण तो फक्त सॉफ्टवेअरचा महिन्याचा रेट आहे. पान ४१ आणि ४२ शेजारी शेजारी ठेवून एक एक ओळ उचल आणि तिला ३६ महिन्यांवर नेऊन बघ, कारण करार ३६ महिन्यांचा आहे, पहिल्या वर्षाचा आकडा सांगून काही होत नाही.

सॉफ्टवेअरचं पाहा. ८० गाड्या, ४९९ रुपये, १२ महिने म्हणजे ४.७९ लाख. अटींमधे दरवर्षी ८ टक्के वाढ आहे (पान ५१, रेटच्या पानावर ती लिहिलीच नाहीये), म्हणून दुसऱ्या वर्षी ५.१७ आणि तिसऱ्या वर्षी ५.५९. तीन वर्षांचे झाले १५.५५ लाख. जीपीएस डिव्हाइस ४,५०० प्रमाणे ८० चे ३.६० लाख. बसवायचे गाडीमागे १,२०० प्रमाणे ९६ हजार. इथपर्यंत सरळ आहे.

सेन्सरमधे मात्र गडबड आहे. एक सेन्सर ९,००० चा आणि त्यांनी ८० धरलेत, ७.२० लाख. पण पान ४६ वर एक बारीक ओळ आहे की प्रत्येक वाहनाला एकच इंधन टाकी गृहीत धरली आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना बरेचदा दोन टाक्या राहतात आणि सेन्सर टाकीमागे लागतो, गाडीमागे नाही. हे ऑफिसमधे बसून कळत नाही, यार्डात जाऊन सुपरवायझरला विचारावं लागतं, तो म्हणेल "मोठ्या गाड्यांले दोनच हायेत ना बाप्पा". मी इथे हिशोबाला ३० गाड्या दोन टाक्यांच्या धरतो, खरा आकडा तू यार्डातून आण. ३० धरल्या तर सेन्सर ११० होतात आणि रक्कम ९.९० लाख. प्रपोजलपेक्षा २.७० लाख इथेच वाढले, आणि ही वाढ तुला माल बसवायच्या दिवशी कळली असती, जेव्हा मागे फिरता येत नाही.

मग एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार. पहिलं वर्ष वॉरंटी, दुसऱ्या वर्षापासून हार्डवेअरच्या किमतीच्या १० टक्के. हार्डवेअर १३.५० लाखाचं, म्हणजे वर्षाला १.३५ आणि दोन वर्षांचे २.७० लाख.

सगळं मिळून ३२.७१ लाख. आणि सगळ्या पानांवर तळाला लिहिलंय 'कर अतिरिक्त'. इथे ट्रान्सपोर्टवाल्याने थांबून विचार करायचा. कारखानदार असता तर १८ टक्के जीएसटी इनपुट क्रेडिटमधे परत मिळाला असता आणि त्याने तो खर्चात धरला नसता. पण बरेच ट्रान्सपोर्टवाले ५ टक्क्यांवर नाहीतर रिव्हर्स चार्जवर चालतात आणि त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे हा १८ टक्के सरळ खिशातून जातो. तुमचं काय आहे ते अकाउंटंटला एक फोन करून विचार, हा एकच फोन आणि फरक ५.८९ लाखाचा. क्रेडिट मिळत नसेल तर एकूण ३८.६० लाख.

आता याला ८० गाड्यांनी आणि ३६ महिन्यांनी भाग. १,३४० रुपये गाडीमागे महिना. क्रेडिट मिळत असेल तर १,१३६. साहेबांच्या डोक्यात आत्ता ४९९ बसलाय, कारण सेल्सवाल्याने तोच बसवलाय, म्हणून तुझ्या पानावर सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा १,३४० आहे आणि तो ४९९ च्या शेजारीच लिहायचा, वेगळ्या ठिकाणी नाही. आणि अजून एक, पहिल्याच वर्षी खात्यातून किती जातील तेही लिही: वर्षाचं सॉफ्टवेअर आगाऊ, सगळं हार्डवेअर आणि बसवणं धरून जीएसटीसकट २२.७ लाख. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पार्टीचे पैसे कधी येतील याचा नेम नाही, तिथे तीन वर्षांच्या बेरजेपेक्षा हा आकडा साहेबांना जास्त टोचतो.

बरेच लोक इथे थांबतात, की बघा साहेब, ४९९ सांगितले आणि १,३४० निघाले, महाग आहे, नको. पण महाग कशाच्या मानाने? हे नाही सांगितलं तर पान अर्धवट आहे. गाडी महिन्याला ६,००० किलोमीटर चालते धर, अ‍ॅव्हरेज ४ चा, म्हणजे १,५०० लिटर, आणि डिझेल ९० रुपये धर, म्हणजे गाडीमागे १.३५ लाखाचं डिझेल. १,३४० रुपये म्हणजे यातले जेमतेम १५ लिटर, शेकडा एक. महिन्याला गाडीमागे १५ लिटर वाचले की खर्च निघाला. साहेबांना लाखाचे आकडे सांगण्यापेक्षा हे १५ लिटर सांग, ते आयुष्यभर लिटरमधेच विचार करत आलेत, त्यांना लगेच अंदाज येतो की रायपूर लाइनला एका ट्रिपमधे किती इकडेतिकडे होतं.

व्हेंडर म्हणतो ८ ते १२ टक्के वाचतील. पान ७ वर मोठ्या अक्षरात आहे. पान ५५ वर लिहिलंय की बचतीचे आकडे अंदाजे असून त्याची हमी नाही. ही दोन पानं तुझ्या कागदावर एकाच वाक्यात यायला पाहिजेत, त्यावर टीका वगैरे करायची काही गरज नाही, शेजारी ठेवली की साहेब समजतात.

आणि बचतीबद्दल एक प्रश्न प्रपोजलमधे कुठेच नसतो, तो आपणच विचारायचा. डिझेल कोणाच्या खिशातून जातं? तुमच्या ज्या गाड्यांवर ड्रायव्हरला ट्रिपचा ठोक हिशोब दिला जातो, म्हणजे हैदराबाद एक फेरी एवढे रुपये, डिझेल त्यातच भर, त्या गाडीत वाचलेलं डिझेल ड्रायव्हरचं होतं, कंपनीचं नाही. तिथे सेन्सर लावून तुम्ही फक्त बघत बसाल. ज्या गाड्यांचं डिझेल कंपनीच्या कार्डवर नाहीतर पंपाच्या उधारीवर भरतं, तिथेच कंपनीला फायदा. समजा ४० गाड्या ठोक हिशोबावर निघाल्या तर त्या १५ लिटरचे ३० होतात, कारण ८० गाड्यांचा खर्च ४० गाड्यांनी काढायचा. मग सरळ प्रश्न आहे की सेन्सर फक्त ४० गाड्यांनाच का नको. हा एक मुद्दा तू पानावर आणलास ना, तर साहेब विचारतील की हे कोणी सांगितलं तुला, आणि उत्तर हेच की डिस्पॅच टेबलवरच्या रजिस्टरमधे आहे.

आता धोके. इथे लोक एक लाल पिवळं हिरवं टेबल करतात, 'तांत्रिक धोका मध्यम, व्यावसायिक धोका कमी', आणि त्याचा कोणालाच काही उपयोग होत नाही. धोका असा लिही की काय होईल, त्यात आपले किती जातील, आणि सही करायच्या आधी काय मागायचं. तिन्ही लिहिता येत नसेल तर तो धोका पानावर टाकू नको. तुझ्या साडेतीन पानांत ११ धोके आहेत, मी चारच ठेवीन.

पहिला कॅलिब्रेशनचा, आणि हा सगळ्यात मोठा. सेन्सर म्हणजे टाकीत उभी सोडलेली एक लांब दांडी, डिझेलची पातळी वरखाली झाली की तिचा सिग्नल बदलतो. पण तो सिग्नल लिटर नसतो. लिटर कळायला टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, मग २० लिटर ओतायचं, आकडा लिहायचा, परत २० ओतायचं, परत लिहायचं, असं ४०० लिटरच्या टाकीला २० वेळा. एका गाडीचा अर्धा दिवस सहज जातो आणि दोन टाक्या असतील तर पूर्ण. पान ४६ वर हेही लिहिलंय की डिझेल, मोजायचं भांडं आणि गाडी उपलब्ध करून देणं ग्राहकाकडे. म्हणजे गाड्या उभ्या राहतील तो तोटा तुमचा. आणि होतं काय, फिटरला दिवसाला सहा गाड्या संपवायच्या असतात, तो एका गाडीचं नीट करतो आणि त्याच मॉडेलच्या बाकी गाड्यांना तोच चार्ट चढवतो. टाक्या मात्र दिसायला सारख्या, आत वेगळ्या राहतात, कुठे पोचा आलेला असतो, कुठे दांडी थोडी तिरकी बसलेली असते, कुठे टाकीच बाहेरून बदलून घेतलेली असते. मग स्क्रीनवर रोज डिझेल चोरी दिसते, ड्रायव्हर भांडतात, आणि दोन महिन्यांनी कोणी ते उघडूनही पाहत नाही.

हे ओळखायचं सोपं आहे. बसवल्यावर गाडी सपाट जागी उभी करून आकडा लिहून घे, पंपावर १०० लिटर टाक, दहा मिनिटं थांबून परत पाहा. स्क्रीनवर ९६ ते १०४ वाढले तर ठीक. ९० दाखवत असेल तर चार्ट बहुतेक दुसऱ्या गाडीचा आहे. करारात मागायचं हे: प्रत्येक टाकीचा स्वतःचा चार्ट सहीसकट द्यायचा, आणि १०० लिटरच्या टेस्टमधे पास झालेल्या टाकीचेच पैसे. जो व्हेंडर याला नाही म्हणतो त्याच्याबद्दल मग फार विचार करावा लागत नाही.

याला लागूनच एक मर्यादा आहे ती साहेबांना आधीच सांगून ठेव. प्रपोजल ९९ टक्के अचूकता सांगतं. ४०० लिटरच्या टाकीत १ टक्का म्हणजे ४ लिटर, आणि गाडी चढावर असली, रस्त्यावर हिंदकळली की त्यापेक्षा जास्त हलतं. म्हणून चोरीचा अलर्ट साधारण ८-१० लिटर एकदम कमी झाले तरच येईल असा लावतात, नाहीतर रात्रभर फोन वाजत राहतो. एकदम ४० लिटर काढणारा पकडला जाईल, पण रोज ५ लिटर काढणारा अलर्टमधे दिसणार नाही, तो महिन्याच्या अ‍ॅव्हरेजमधे शोधावा लागेल आणि ते शोधायला तुमच्याकडे रोज रिपोर्ट बघणारा एक माणूस लागेल. तो माणूस प्रपोजलच्या खर्चात नाहीये.

दुसरा धोका किमान बिलिंगचा. पान ५२, तीन वर्षं कमीत कमी ८० गाड्यांचं बिल. तुम्ही जुन्या गाड्या काढता की नाही? दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला १० गाड्या विकल्या आणि नवीन घेतल्या नाहीत तर त्या नसलेल्या गाड्यांचे दोन वर्षांत जीएसटीसकट जवळपास १.५९ लाख फुकट जातील. मागायचं: दरवर्षी १५ टक्क्यांपर्यंत गाड्या कमी करायची मुभा, आणि काढलेलं डिव्हाइस दुसऱ्या गाडीत फुकट बसवून द्यायचं. हे सहसा मिळतं, फक्त सहीच्या आधी मागितलं तर.

तिसरा, छेडछाड. एएमसीत आणि वॉरंटीत 'टँपरिंग' धरलेली नाही, पान ५३. आता सांग, या मशीनचा बिघाड जास्त करून कशाने होतो? वायर तुटते. ती आपोआप तुटली की कोणी तोडली हे कोण ठरवणार, तर कलमाप्रमाणे व्हेंडरचा इंजिनिअर. म्हणजे वर्षाला १.३५ लाख एएमसी भरून दर वायरीचे पैसे वेगळे. मागायचं: बाहेरच्या वायरिंगची दुरुस्ती एएमसीतच, टँपरिंग म्हणजे फक्त डिव्हाइसची पेटी फोडली असेल तर. आणि जाता जाता, वॉरंटी माल निघाल्याच्या तारखेपासून आहे, बसवल्याच्या नाही, तीही फिरवून घे, कारण ८० गाड्या बसवता बसवताच एकदोन महिने जातील, सगळ्या गाड्या एकदम यार्डात कधी येतात?

चौथा, टाकीला भोक. सेन्सर बसवायला टाकी वरून ड्रिल करावी लागते. ज्या गाड्या अजून कंपनीच्या वॉरंटीत आहेत त्यांच्या डीलरकडून लेखी विचारून घे की चालेल का, नाहीतर उद्या टाकीचा नाही तर इंधन सिस्टिमचा क्लेम आला की तो बोट दाखवून मोकळा. तोवर वॉरंटीतल्या गाड्या सरळ दुसऱ्या टप्प्यात टाक.

बाकीचे सात काढले त्यातला एक सांगतो, कारण तू तो सगळ्यात वर लिहिला होतास. ९९.५ टक्के अपटाइम. तो त्यांच्या सर्व्हरचा आहे. महिन्यात साडेतीन तास सर्व्हर बंद राहिला तरी ट्रान्सपोर्टचं काही अडत नाही, आणि गडचिरोलीकडे नेटवर्क गेलं तर डिव्हाइस माहिती साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. गाडीतलं डिव्हाइसच मेलं तर ते या अपटाइममधे मोजतच नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीची हमी दिलीय ती आपल्याला फारशी नकोय आणि जी पाहिजे तिची हमी नाही. साहेबांच्या पानावर यातलं काही नको, पण बंद डिव्हाइस किती दिवसांत चालू करून देणार हे व्हेंडरला विचार.

विचारायचं ते मेलवरच. फोनवर सगळं "हो जाएगा मॅडम" असतं, आणि पान ५७ वर कलम आहे की या करारात जे लिहिलंय तेवढंच खरं, त्याआधीचं बोलणं धरायचं नाही. आज यार्डात टाक्या मोज, अकाउंटंटला फोन कर, व्हेंडरला मेल टाक. उद्या उत्तर आलं तर पानावर लिही, नाही आलं तर 'उत्तर बाकी' असं लिही, पण त्याची वाट पाहत थांबू नको.

आता पान. मी लिहिलं असतं तर साधारण असं:

विषय: ८० गाड्यांना जीपीएस आणि डिझेल सेन्सर, प्रपोजलवर निर्णय

निर्णय काय हवा: आत्ता ८० गाड्यांची ऑर्डर देऊ नये. आधी १० गाड्यांवर ३ महिने ट्रायल, त्यानंतर ठरवावं. ऑफर ३० दिवस चालू आहे, ट्रायल संपेपर्यंत रेट तोच ठेवायला लेखी मागितलं आहे, उत्तर बाकी.

पैसे: जाहिरातीतला रेट ४९९, सगळं धरून १,३४० रुपये गाडीमागे महिना. तीन वर्षांत ३८.६० लाख, त्यातले पहिल्याच वर्षी २२.७ लाख. फरक कशाचा: हार्डवेअर आणि बसवणं १४.४६ लाख (प्रपोजलमधे ३० गाड्यांची दुसरी टाकी धरलेली नाही, त्याचे २.७० लाख यात घेतले आहेत), एएमसी २.७० लाख, दरवर्षी ८ टक्के वाढ, आणि जीएसटी ५.८९ लाख जो आपल्याला परत मिळत नाही (अकाउंट्सने सांगितलं).

खर्च कधी निघतो: गाडीमागे महिन्याला १५ लिटर वाचले तर. व्हेंडर ८ ते १२ टक्के बचत सांगतो (पान ७), हमी देत नाही (पान ५५). ठोक हिशोबाच्या गाड्यांमधे बचत आपल्याला मिळणार नाही, त्या वगळाव्यात.

धोके:
कॅलिब्रेशन नीट झालं नाही तर आकडे चुकीचे येतील आणि सगळा खर्च वाया जाईल. मागणी: प्रत्येक टाकीचा चार्ट, १०० लिटरची टेस्ट, पास झाल्यावरच पैसे. रोज थोडं थोडं काढलेलं डिझेल अलर्टमधे दिसणार नाही.
किमान ८० गाड्यांचं बिल तीन वर्षं (पान ५२). दुसऱ्या वर्षी १० गाड्या विकल्या तर १.५९ लाख वाया. मागणी: १५ टक्के कमी करायची मुभा.
वायर तुटली तर एएमसीत नाही (पान ५३). मागणी: बाहेरचं वायरिंग एएमसीत.
टाकीला ड्रिल. वॉरंटीतल्या गाड्या डीलरचं पत्र येईपर्यंत थांबवाव्यात.

ट्रायलचा खर्च: हार्डवेअर परत करायच्या अटीवर मिळालं तर सुमारे ३२,००० रुपये, विकतच घ्यावं लागलं तर २.३४ लाख.

आपल्याकडून लागेल: रोज रिपोर्ट पाहणारा एक माणूस, आणि गाडीमागे अर्धा ते एक दिवस गाडी उभी.

हे ए-फोरवर नीट बसतं. अक्षर लहान करून बसवू नको, साहेब चष्मा शोधतील आणि पान बाजूला ठेवतील. बसत नसेल तर धोक्यातली शेवटची ओळ काढ, पैशाची ओळ नाही. पान नंबर मात्र ठेव, साहेब व्हेंडरला समोर बसवून "पान ५२ वर काय लिहिलंय हे" असं विचारतात तेव्हा त्या नंबरचीच किंमत असते. हिशोबाची एक्सेल शीट वेगळी ठेव, जोडू नको, मागितली तर दोन मिनिटांत देता आली पाहिजे.

ट्रायलच्या गाड्या व्हेंडरला निवडू देऊ नको. तो सगळ्यात खराब अ‍ॅव्हरेजच्या दहा मागेल कारण तिथे सुधारणा ठळक दिसते. तू रायपूर आणि हैदराबाद लाइनच्या मिसळून घे, काही दोन टाक्यांच्या असू दे (२.३४ लाखात मी अशा चार धरल्यात), आणि त्याच लाइनच्या सेन्सर नसलेल्या दहा गाड्यांचा फुल टाकी ते फुल टाकी अ‍ॅव्हरेज तेवढेच तीन महिने लिहून ठेव. नाहीतर ट्रायलमधे लोड कमी होता म्हणून सुधारणा दिसली की सेन्सरमुळे, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. ड्रायव्हरला मशीन लागल्याचं माहीत असतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात सगळेच शहाणे होतात, म्हणून तिसऱ्या महिन्याचा आकडा बघायचा.

आणि पान दिल्यावर साहेब पहिला प्रश्न विचारतील तो बहुतेक हाच, की दुसऱ्याचा रेट काय आहे. दुसऱ्याचं प्रपोजल ३९९ म्हणेल नाहीतर 'डिव्हाइस फ्री' म्हणेल आणि हार्डवेअरचे पैसे महिन्याच्या भाड्यात घालेल. त्याच्याकडून ब्रोशर मागवू नको. तुझ्या शीटमधले रकाने रिकामे करून तेच पाठव: सॉफ्टवेअर, डिव्हाइस, ११० सेन्सर, बसवणं, एएमसी, वार्षिक वाढ, ३६ महिने, जीएसटी, आणि शेवटचा रकाना गाडीमागे महिना एकूण. भरून आलं की तो आकडा १,३४० च्या शेजारी लिही.